काजूच्या कारखान्याला कोणता लॅपटॉप?

*प्रश्न: कुडाळजवळ माझा काजू सोलायचा छोटा कारखाना आहे. हिशेब जुन्या डेस्कटॉपवर टॅलीत ठेवते, पण तो आता चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. पुण्याचे आणि दुबईचे गिऱ्हाईक हल्ली व्हिडिओ कॉलवर माल बघायला मागतात, सीएसुद्धा कॉलवरच बोलतात. साठ हजारांपर्यंत लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो गेमिंगचा घ्या, तो दहा वर्षं हलणार नाही. भाचा म्हणतो जुना का असेना, मॅकबुक घे. मला त्यातलं काही कळत नाही. काय घेऊ?*
*— काजूवाली ताई, कुडाळ*

ताई, दोन्ही नकोत.

मॅकबुक चांगलं यंत्र आहे, पण टॅलीप्राइम हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, मॅकवर ते थेट चालत नाही. चालवायचं तर मॅकच्या आत वेगळं विंडोज बसवा नाहीतर दर महिन्याला भाडं भरून टॅली क्लाउडवर ठेवा. भर सीझनमध्ये ते अडलं तर कुडाळात कोण येऊन सोडवणार? गेमिंग लॅपटॉपमध्ये तुमचे पैसे ग्राफिक्स कार्डात जातात आणि टॅलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. वर त्याचे पंखे मोठ्याने फिरतात, आणि कॉलवर समोरच्याला तुमच्या आवाजाआधी तो घरघराट ऐकू जातो.

तुम्हाला हवा आहे तो साधा, १५.६ इंचाचा, विंडोज ११ असलेला, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा लॅपटॉप. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन. एवढं तर कुणीही सांगेल. पण याच वर्णनाचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, तर एक तुमच्या कामाचा निघतो आणि दुसरा वर्षभरात डोकेदुखी होतो. तो फरक कुठे बघायचा, ते सांगते.

आधी कीबोर्ड. मार्च ते मे तुमच्याकडे शेतकऱ्यांकडून बी येते. सोललेली नसलेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली की नोंदणीकृत खरेदीदाराला जीएसटी रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, म्हणजे प्रत्येक खरेदीची नोंद नीट हवीच. एकेका शेतकऱ्याचं वजन, दर, रक्कम: ४७.५ किलो, १४० रुपये, पुढचा. दिवसाला अशा तीसेक नोंदी वरच्या आडव्या ओळीतल्या आकड्यांवर केल्या तर मनगट दुखतं आणि चुका होतात. म्हणून उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा चौकोन असलेलाच लॅपटॉप घ्या. १४ इंचीत तो जवळजवळ नसतोच, १५.६ इंचीत बहुतेकांत असतो पण सगळ्यांत नाही. बॉक्सवरचं चित्र बघून ठरवू नका, झाकण उघडून बघा. काही कंपन्या तो चौकोन इतका अरुंद करतात की शून्याची कळ बोटाखाली सापडत नाही. दुकानात उभ्या उभ्या वीस-पंचवीस आकडे मारून बघा, लगेच कळेल.

कीबोर्डची दुसरी गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. टॅली चालते ती F कळांवर. F5 पेमेंट, F6 रिसीट, F8 विक्री, F9 खरेदी, हे तुमच्या बोटांत बसलेलं असणार. लॅपटॉपवर मात्र याच कळांना आवाज कमी-जास्त करणं, उजेड वाढवणं अशी कामं आधीपासून लावलेली असतात. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नवा लॅपटॉप आणला, विक्रीची नोंद करायला F8 दाबली आणि टॅली ढिम्म. दोनदा, चारदा दाबली. टॅली बिघडली म्हणून त्याने इन्स्टॉल करणाऱ्याला बोलावलं. बिघडलं काहीच नव्हतं. बऱ्याच लॅपटॉपवर `Fn+Esc` एकदा दाबलं की F कळा साध्या F कळा होतात. काहींत ही सोय कीबोर्डावर नसते, लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये बदलावी लागते. दुकानदाराकडून ते तिथल्या तिथे करून घ्या आणि मगच पैसे द्या.

आता प्रोसेसर. इथे नावं इतकी सारखी असतात की जाणत्यांचीही फसगत होते. एएमडीचे `Ryzen 5 7520U` आणि `Ryzen 5 7530U` बघा. दुकानात दोन्ही ‘रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज’ म्हणूनच सांगितले जातात. त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा आत कोणती पिढी आहे ते सांगतो. २ असेल तर जुनी झेन २, ३ असेल तर त्यानंतरची झेन ३. पहिल्यात चार कोर आहेत, दुसऱ्यात सहा. आणि पहिल्याची रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. तुम्ही 7530U घ्या, 7520U नको. इंटेलमध्ये बाराव्या पिढीपासून पुढचा आय५ तुमच्या कामाला भरपूर होतो. i3-1215U सुद्धा टॅली आणि कॉल दोन्ही सांभाळतो. सेलेरॉन किंवा नुसतं `N` ने सुरू होणारं नाव, जसं `N100`, असेल तर राहू द्या. टॅली त्यावरही पळेल, पण कॉल चालू असताना ब्राउझर उघडला की चित्र अडखळायला लागतं.

स्नॅपड्रॅगनचा स्टिकर असलेले लॅपटॉपही आता दुकानात दिसतात. बॅटरी छान टिकते, पण आतली रचना वेगळी असते. साधी सॉफ्टवेअर त्यावर चालून जातात, मात्र प्रिंटरच्या आणि डिजिटल सहीच्या टोकनच्या ड्रायव्हरला त्या रचनेसाठी मुद्दाम बनवलेली आवृत्ती लागते. तुमचा चलनं छापणारा जुना प्रिंटर तिथे मुकाच राहायची शक्यता जास्त. मी तुमच्या जागी असते तर ती जोखीम घेतली नसती.

रॅमकडे थोडं सविस्तर बघू, कारण दोन्ही कामं एकदम आली की पहिला ताण तिच्यावरच येतो. एकट्या टॅलीला फार रॅम लागत नाही, चार जीबीवरही ती चालते. पण सीए कॉलवर म्हणतात, ‘ताई, मार्चचं खरेदी रजिस्टर शेअर करा.’ त्या क्षणी टॅली उघडी असते, ब्राउझरमध्ये कॉल चालू असतो, शेजारच्या टॅबमध्ये जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सॲप असतं. विंडोज ११ स्वतःच तीन-चार जीबी घेऊन बसलेलं असतं. आठ जीबीची मशीन इथे काठोकाठ भरते. कॉल तुटत नाही, पण तुमचा आवाज तुटक जातो आणि समोरचा म्हणतो, नेटवर्क खराब आहे. नेटवर्क चांगलंच असतं. म्हणून १६ जीबी.

मेमरीचे भाव सध्या चढे आहेत, त्यामुळे साठ हजारांत १६ जीबीचा चांगला लॅपटॉप नाही बसला, तर आठ जीबीचा घ्या, पण दुसरा स्लॉट रिकामा असलेलाच. सहा महिन्यांनी त्यात आठ जीबीची पट्टी टाकता येईल. हे तपासणं सोपं आहे. लॅपटॉप चालू करून `Ctrl+Shift+Esc` दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात `Performance`, मग `Memory`. उजवीकडे खाली `Slots used` समोर `1 of 2` दिसलं तर एक जागा रिकामी आहे. `Form factor` समोर `SODIMM` असेल तर पट्टी बदलता येते. `Row of chips` लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डाला चिकटलेली आहे. काही मॉडेलांत अर्धी चिकटलेली आणि अर्धी पट्टीची असते, म्हणून स्लॉटबद्दल दुकानदाराकडून मॉडेल नंबरसकट लिहून घ्या. त्याच खिडकीत `Disk` वर टिचकी मारली की `SSD` आहे की नाही तेही दिसतं. नवा लॅपटॉपही जुन्या डेस्कटॉपसारखा रेंगाळायला नको असेल तर फिरती हार्ड डिस्क कुठल्याही किमतीला घेऊ नका.

सेकंडहँड घ्यायचा विचार मनात आला, तर एवढंच बघा: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही.

आता व्हिडिओ कॉल, आणि इथे मला तुम्हाला जरा वेगळंच सांगायचं आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काजू दाखवू नका.

साठ हजारांच्या आतल्या बऱ्याच लॅपटॉपांना ७२०पी कॅमेरा असतो. त्यावर तुमचा चेहरा ठीक दिसतो, पण जवळ धरलेला गर धूसर दिसतो, कारण हे कॅमेरे दूर बसलेल्या माणसासाठी कायमचे फोकस केलेले असतात. दुसरं म्हणजे रंग. पिवळ्या बल्बखाली पांढराशुभ्र गर किंचित करपलेला वाटतो, आणि करपलेला म्हटलं की प्रतवारी खाली, भाव खाली. डब्ल्यू-३२० आणि डब्ल्यू-२४० मधला फरक म्हणजे एका पाउंडात गर किती बसतात त्याचा. तो फरकसुद्धा अशा चित्रात कळत नाही.

तुमच्या हातातल्या फोनचा मागचा कॅमेरा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. कॉल लॅपटॉपवर घ्या, बोलणं आणि हिशेब तिथेच चालू द्या, आणि त्याच मीटिंगमध्ये फोनवरूनही दुसरं नाव देऊन सामील व्हा, ‘माल’ असं नाव दिलंत तरी चालेल. फोनवर माइक बंद ठेवा आणि आवाज पूर्ण कमी करा, नाहीतर दोन यंत्रांचा आवाज एकमेकांत घुमतो आणि कर्कश शिट्टी वाजते. मग फोन छोट्या स्टँडवर खाली तोंड करून लावा आणि खाली गराचं ताट ठेवा. ताट खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, आणि त्याच्या कडेला एक कोरा पांढरा कागद असू द्या. कागद चित्रात पांढरा दिसतोय ना, एवढं बघायचं. तो पिवळट दिसला तर तुमचा गरही पिवळट दिसतोय असं समजा, जागा बदला किंवा बल्ब बंद करा. गिऱ्हाइकालाही कागदाशी ताडून बघता येतं, त्यामुळे त्याचा विश्वास बसतो. गराशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंत तर आकाराचाही अंदाज येतो.

म्हणजे लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. १०८०पी मिळाला तर घ्या, त्यासाठी रॅम किंवा कीबोर्डवर पाणी सोडू नका. माइकची मात्र पर्वा करा. कारखान्यात कटिंगच्या मशिनांचा खडखडाट असतो, लॅपटॉपचा माइक तो सगळा उचलतो. तोंडाजवळ माइक येणारा साधा वायरचा हेडफोन पुरेल. घेण्याआधी लॅपटॉपला ३.५ मिलिमीटरचं गोल छिद्र आहे ना ते बघा.

नेटचं म्हणाल तर लॅपटॉपपेक्षा राउटर चालू राहतो की नाही हे महत्त्वाचं. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि कॉल तुटतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून, बहुतेक वेळा १२ व्होल्टचा, तो घ्या. तोही नसेल तर फोनचा हॉटस्पॉट कसा लावायचा हे आधीच एकदा करून ठेवा, गिऱ्हाईक वाट बघत असताना ते शिकत बसू नका.

दुकानात जाल तेव्हा टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन जा. लायसन्स न घालताही टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण चाचणीला तेवढं पुरतं. दुकानदाराला सांगा, वीस मिनिटं द्या. टॅलीत तुमची कंपनी उघडा, वर्षभराचं खरेदी रजिस्टर काढा. फोनच्या हॉटस्पॉटवर भाच्याला व्हिडिओ कॉल लावा, स्क्रीन शेअर करा, आणि कॉल चालू असतानाच एक खरेदीची नोंद मारा. भाच्याला विचारा, आकडे वाचता येतायत का, माझा आवाज सलग येतोय का. तोवर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती टक्के भरली ते बघा. ९० च्या वर गेली तर रॅम कमी आहे. पंखा ऐका, मनगट टेकतं तिथे किती गरम होतंय तेही बघा. स्क्रीन मागे पुढे कलती करा. कोन बदलला की रंग उलटे-काळपट होत असतील तर तो स्वस्त टीएन पॅनल आहे, आयपीएस मागा. ज्या दुकानात हे करू देत नाहीत तिथून घेऊ नका. कारण पुढे काही बिघडलं तरी तिथेच जायचं आहे. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे का आणि तुमच्या पिनकोडला माणूस खरंच येतो का, की लॅपटॉप घेऊन कोल्हापूर-पणजी गाठावं लागेल, हेही आधी विचारा.

बिल कारखान्याच्या जीएसटी नंबरवरच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा दुकानदाराने ५९,००० सांगितले, तर त्यातले ५०,००० वस्तूचे आणि ९,००० कराचे. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने कर भरत असाल तर ते ९,००० इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात, फक्त बिलावर तुमचा नंबर बरोबर हवा आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवं. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही. उरलेल्या ५०,००० वर संगणकाचा घसारा ४० टक्क्यांनी लागतो, पहिल्या वर्षी २०,०००. मात्र आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्माच, १०,०००. म्हणजे सप्टेंबरात घ्यायचा की नोव्हेंबरात, याने त्या वर्षीच्या घसाऱ्यात दहा हजारांचा फरक पडतो. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतोच, पण सीएंना एकदा विचारून महिना ठरवा.

लॅपटॉप घरी आला की डेस्कटॉप लगेच भंगारात देऊ नका. तुमचं लायसन्स एका संगणकाचं असेल तर आधी जुन्यावर ते सरेंडर करायचं, मग नव्यावर चालू करायचं. जुना आधीच काढून टाकलात तर सरेंडर करायला यंत्रच उरत नाही आणि मदतकेंद्राला फोन करत बसावं लागतं. त्याआधी जुन्यावर `Alt+Y` दाबून बॅकअप घ्या आणि टॅलीची आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपवर टॅली नव्या आवृत्तीची असेल तर ती तुमचा डेटा नव्या रूपात बदलून घेते, आणि तसा बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडेलच असं नाही. म्हणून पेनड्राइव्हवरची मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा.

नव्या लॅपटॉपवर विंडोज तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडायला सुचवतं, कधी कधी आपोआप जोडतंही. टॅलीचा चालू डेटा त्या फोल्डरांत ठेवू नका. टॅली फाइलमध्ये लिहीत असतानाच वनड्राइव्ह ती वर पाठवायला उचलतं, आणि त्यातून डेटा बिघडतो. चालू डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि रोज संध्याकाळी घेतलेला बॅकअप तेवढा वनड्राइव्हवर टाका.

पहिला महिनाभर जुना डेस्कटॉप तसाच जोडलेला असू द्या. शिल्लक ताळेबंद दोन्हीकडे जुळला, स्टॉकमधली बी आणि गर दोन्हीकडे तेवढेच दिसले, जुन्या प्रिंटरवरून एक चलन नीट छापलं गेलं, की मग तो बंद करा.